स्कॅन आले, पण काम कोणते ते लिहिलेच नाही: ग्राहकाला उत्तर कसे लिहावे

समस्या अशी दिसते

शाखेच्या मेलवर एक मेल येऊन पडलेला असतो. विषयाची ओळ रिकामी, किंवा नुसते ‘डॉक्युमेंट्स’. मजकूर एकाच ओळीचा: ‘सोबत कागदपत्रे जोडली आहेत, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली चार-पाच फायली, नावे `IMG_0412.jpg`, `Scan0001.pdf` अशी. कोणत्या कामासाठी, कोणत्या खात्यावर, कोणी मागितले म्हणून पाठवले, याचा पत्ता नाही. क्लार्क ‘कृपया तपशील कळवावा’ असे लिहून मोकळा होतो. दोन दिवसांनी त्याच फायली पुन्हा येतात, फक्त थोड्या जास्त उजेडात काढलेल्या. तिसऱ्या फेरीला ग्राहक शाखेत येतो आणि म्हणतो, ‘कागद तर कधीच दिलेत, अजून काम नाही?’

त्याचीही चूक नसते. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी कागद पाठवायला सांगितलेले असते. कधी काउंटरवर, कधी फोनवर, कधी बँकेच्याच एसएमएसने. त्याच्या हिशेबी मागणी तेव्हाच झाली, मेल म्हणजे नुसते कागद पोचवणे. मेल उघडणाऱ्याला ते बोलणे माहीत नाही, हे त्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून ‘तपशील कळवावा’ हे वाचून त्याला वाटते की कागदात काही कमी पडले, किंवा स्कॅन नीट दिसत नाही. तो कागद पुन्हा पाठवतो. म्हणजे फेऱ्या वाढतात त्या आपल्या उत्तरामुळे. त्याला जे विचारायचे होते ते आपण विचारलेलेच नसते.

यावर दोन उपाय सुचतात आणि दोन्ही फसतात. एक, कागद बघून अंदाजाने काम करून टाकणे. दुसरा, बँकेच्या सगळ्या सेवांची यादी पाठवून ‘यातील निवडा’ म्हणणे. वीस ओळींची यादी कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी ‘ग्राहक माहिती अद्ययावतीकरण’ आणि ‘पत्ता बदल’ यातला फरक ग्राहकाला का कळावा? पण अंदाजाचा उपाय जास्त महाग पडतो, म्हणून आधी त्याच्याविषयी.

अंदाज का बांधू नये

एक मेल घेऊ. त्यात पाच फायली आहेत. आधारच्या दोन्ही बाजू एका पीडीएफमध्ये, पॅनचा फोटो, वीजबिल, पासबुकाचे पहिले पान आणि एक पासपोर्ट आकाराचा फोटो. पासबुकावरचा आणि आधारवरचा पत्ता एकच आहे. वीजबिलावरचा पत्ता वेगळा आहे. बिल ग्राहकाच्याच नावाचे आहे, पण चार महिन्यांपूर्वीचे. खाते उघडून पाहिले तर केवायसीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे.

आता हे काम कोणते? केवायसीची मुदत बघणारा म्हणेल, केवायसी. वीजबिल बघणारा म्हणेल, पत्ता बदल. आधारवर पूर्ण बारा आकडे उघडे आहेत हे बघणारा म्हणेल, अनुदानासाठी आधार जोडायचे असेल. तिघांच्याही म्हणण्याला आधार आहे, आणि तिघेही चुकू शकतात.

केवायसी धरून ‘बदल नाही’ अशी नोंद केली आणि ग्राहक खरोखर नव्या घरी गेलेला असला, तर पुढचे चेकबुक किंवा एटीएम कार्ड जुन्या दारात जाऊन पडते. पत्ता बदल धरला, आणि वीजबिल फक्त ‘पत्त्याचा पुरावा जोडा’ असे कुठेतरी वाचून जोडलेले निघाले, तर राहत्या घरचा पत्ता पुसला जातो. शिवाय वीजबिलासारखा कागद पत्त्याचा पुरावा म्हणून घ्यायचा तर तो दोन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. म्हणजे चार महिन्यांच्या बिलावर हे काम करताच आले नसते.

तिसरा अंदाज सर्वांत त्रासाचा. अनुदानाची रक्कम आधार क्रमांकावरून ज्या बँकेकडे वळते, ती एका वेळी एकच बँक असते. आपण आपल्या बाजूने आधार जोडून टाकला की आधीच्या बँकेत जाणारे पैसे आपल्याकडे यायला लागतात. ग्राहक आधीच्या खात्यावर वाट बघत बसतो, आणि तिथले लोक त्याला सांगतात की आमच्याकडे काही आलेच नाही. हे उलगडायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणूनच या जोडणीला ग्राहकाची वेगळी संमती लागते. आधार ओळखीचा पुरावा म्हणून दिला म्हणजे अनुदानाला संमती दिली असे होत नाही.

कागद हा पुरावा असतो, अर्ज नव्हे. उद्या तक्रार झाली आणि कोणी विचारले की हा बदल कोणाच्या सांगण्यावरून केला, तर दाखवायला ‘योग्य ती कार्यवाही’ एवढेच हातात असते. योग्य कोणती, ते आपणच ठरवलेले.

उत्तर लिहिण्याआधी काय पाहावे

पहिली गोष्ट पाठवणाऱ्याचा मेल पत्ता. तो खात्याला नोंदवलेला आहे का? हे नुसत्या नावावरून ठरवू नये, पूर्ण पत्ता अक्षरन् अक्षर जुळवावा. एखादे टिंब किंवा आकडा इकडचा तिकडे असला तरी तो वेगळा पत्ता धरावा. यावर उत्तराचे अर्धे स्वरूप ठरते. नोंदवलेला नसेल तर खात्याविषयी एक शब्दही उत्तरात जाता कामा नये, त्याचा मजकूर पुढे दिला आहे.

दुसरी गोष्ट, फायली खरोखर उघडतात का आणि वाचता येतात का. हे आत्ताच पाहावे, कारण उत्तरात ते लिहायचे आहे. आधारच्या मागच्या बाजूला पत्ता असतो आणि नेमकी तीच बाजू बरेच जण विसरतात. सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेले आधारचे पीडीएफ कुलूपबंद असते. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष, हे आपल्याला माहीत असते आणि दोन्ही गोष्टी खात्यात दिसतही असतात. तरी तो जुळवून फाइल उघडू नये, आणि मेलवर पासवर्ड मागूही नये. ‘बँक मेलवर पासवर्ड मागते’ ही सवय आपणच लावली, तर उद्या भामट्याने मागितला तेव्हा ग्राहक तो निमूट देईल. ‘ही फाइल उघडत नाही, कुलूप नसलेली प्रत किंवा कार्डाचा फोटो पाठवावा’ एवढे पुरते. `.zip` किंवा ओळखीची नसलेली फाइल असेल तर ती न उघडता तेही सरळ सांगावे.

तिसरी गोष्ट, कागद काय सुचवतात. अंदाजाने काम करायचे नसले तरी कागद वाचून पर्याय कमी नक्की करता येतात, आणि उत्तराचा कस इथेच लागतो. काही खुणा उपयोगी पडतात. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेले असतील तर अनुदानाची जोडणी हे काम जवळजवळ नाहीच, कारण तिथे पूर्ण क्रमांक लागतो. उलट मात्र खरे नाही. आकडे उघडे आहेत याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की झाकता येतात हे ग्राहकाला माहीत नव्हते.

दुसऱ्या बँकेचा रद्द केलेला चेक आणि आपले पासबुक एकत्र आले, तर खाते बंद करून शिल्लक तिकडे पाठवायची असण्याची शक्यता मोठी. आपल्याच बँकेचा रद्द केलेला चेक आपल्यालाच आला, तर जरा थांबावे. आपल्या खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी आपल्याला कळवण्याची ग्राहकाला काही गरज नाही. तो संच नोकरीच्या ठिकाणी किंवा विमा कंपनीला जायचा होता आणि मेलच्या यादीतून चुकून शाखेचा पत्ता निवडला गेला, असे वरचेवर होते. तेव्हा पर्यायांत ‘हा मेल चुकून आला आहे’ हाही एक पर्याय ठेवावा. पुष्कळ जण लगेच तोच निवडतात.

चौथी गोष्ट खात्याची स्थिती, तीही मेल नोंदवलेला असेल तरच. केवायसीची तारीख दिसते. ग्राहकाने स्वतः केलेला शेवटचा व्यवहार कधीचा, तेही दिसते. त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला असेल तर खाते निष्क्रिय धरले जाते आणि ते पुन्हा सुरू करणे हे पहिले काम असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याला शुल्क नाही आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ते करायचे असते. या स्थितीवरून पर्यायांचा क्रम ठरवावा, पण ती सगळीच उत्तरात सांगू नये. विशेषतः केवायसी दोन, आठ की दहा वर्षांनी करायची हे ज्या जोखीम गटावर ठरते, तो गट ग्राहकाला कळवायचा नसतो. ‘आपण मध्यम जोखीम गटात असल्याने’ असे वाक्य सभ्य वाटले तरी ते लिहू नये.

उत्तर

वरच्या पाच फायलींच्या मेलला, पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदवलेला आहे असे धरून, हे उत्तर जावे:

> विषय: आपला मेल मिळाला, काम कोणते ते कळवावे (कागद पुन्हा पाठवू नयेत)
>
> नमस्कार,
>
> आपण 12 तारखेला सकाळी 11:20 वाजता पाठवलेला मेल मिळाला. त्यात पाच फायली आहेत: आधार (दोन्ही बाजू), पॅन, वीजबिल, पासबुकाचे पहिले पान आणि फोटो. पाचही फायली उघडतात आणि स्पष्ट वाचता येतात. त्या पुन्हा पाठवण्याची गरज नाही.
>
> हे कागद कोणत्या कामासाठी आहेत ते मेलमध्ये लिहिलेले नाही, म्हणून आपल्या खात्यात आम्ही अजून कोणताही बदल केलेला नाही.
>
> खालीलपैकी जे काम हवे असेल त्याचा आकडा याच मेलच्या उत्तरात लिहावा. एकाहून अधिक कामे असतील तर सगळे आकडे लिहावेत.
>
> 1. केवायसी नव्याने नोंदवायची आहे. पत्ता पूर्वीचाच आहे.
> 2. पत्ता बदलायचा आहे. वीजबिलावरचा पत्ता लावायचा आहे.
> 3. सरकारी अनुदान या खात्यात जमा व्हावे म्हणून आधार जोडायचे आहे.
> 4. यांपैकी नाही. (काम आपल्या शब्दांत एका ओळीत लिहावे. मेल चुकून आला असेल तर तसे लिहावे.)
>
> आपले उत्तर आले की पुढचा अर्ज किंवा आणखी काही लागत असल्यास ते पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत कळवू. उत्तरात ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक लिहू नये. ते आम्हाला लागत नाहीत. या मेलविषयी शंका वाटल्यास पासबुकावर छापलेल्या शाखेच्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी.
>
> आपला/आपली,
> (नाव, पद, शाखा)

यात प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते पाहू, कारण घाईत जी वाक्ये गाळली जातात तीच महत्त्वाची आहेत.

‘पुन्हा पाठवू नयेत’ हे विषयाच्या ओळीतच आहे. मोबाइलवर मेल न उघडताही तेवढे दिसते, आणि पुन्हा फोटो काढायला बसलेला हात तिथेच थांबतो. तारीख, वेळ आणि फायलींची यादी दोन कारणांसाठी. ग्राहकाला कळते की माणसाने मेल उघडून पाहिला आहे. आणि बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलपेक्षा हा वेगळा दिसतो, कारण त्याने काय पाठवले ते भामट्याला माहीत नसते. त्याच कारणाने उत्तरात कोणतीही लिंक नाही. अर्जाचा नमुना असलाच तर तो काम कळल्यावर पुढच्या मेलला जोडावा.

‘अजून कोणताही बदल केलेला नाही’ हे वाक्य कोरडे वाटते म्हणून पुष्कळदा ‘आपल्या मेलची नोंद घेतली आहे’ असे गोड करून लिहिले जाते. ग्राहक त्याचा अर्थ ‘काम सुरू झाले’ असा घेतो आणि उत्तरच देत नाही. मेल मिळाल्याची पोच आणि काम झाल्याची खबर यांत घोटाळा व्हायला एवढे पुरते. सभ्यपणा ‘नमस्कार’ मध्ये आहे, ‘गरज नाही’ मध्ये आहे, दोष न देण्यात आहे. वस्तुस्थिती धूसर करून तो वाढत नाही.

दोष न देणे म्हणजे काय, तेही बघण्यासारखे आहे. ‘आपण काम नमूद केलेले नाही’ आणि ‘ते मेलमध्ये लिहिलेले नाही’ या दोन वाक्यांत माहिती तीच आहे. पहिल्यात बोट ग्राहकाकडे जाते, दुसऱ्यात मेलकडे. ‘आपण अपूर्ण माहिती दिल्यामुळे विलंब होत आहे’ हे तर कधीच नको. विलंब अजून झालेला नाही आणि होईल तो अशा वाक्याने होईल.

पर्याय ग्राहकाच्या बोलीत आहेत, खात्यांच्या नावांनी नाहीत. दुसऱ्या पर्यायात ‘वीजबिलावरचा पत्ता’ असे त्याच्याच कागदाचे नाव आहे, त्यामुळे आपले कागद ओळखून तो क्षणात ठरवतो. तीनाच्या वर पर्याय देऊ नयेत, चौथा नेहमी मोकळा ठेवावा. आणि ‘आपल्याला पत्ता बदलायचा आहे का?’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारू नये. त्याला ‘हो, करा’ असे उत्तर येते, आणि केवायसी करायला आलेला माणूसही सौजन्याने ‘हो’ म्हणतो.

एक छोटी तांत्रिक खबरदारी. उत्तर ‘रिप्लाय’ने द्यावे, ‘फॉरवर्ड’ने नव्हे. रिप्लायमध्ये फायली सहसा मागे राहतात, फॉरवर्डमध्ये त्या सोबत जातात, आणि आधारची प्रत विनाकारण आणखी एका मेलमध्ये जाऊन बसते. मूळ मेलच्या ‘सीसी’त इतर लोक असतील तर उत्तर फक्त पाठवणाऱ्याला द्यावे. विषयाच्या ओळीत खाते क्रमांक कधीच नको.

उत्तर आल्यावर

ग्राहकाने नुसते ‘1’ लिहिले, तर काम कळले, पण तेवढ्यावर नोंद करू नये. केवायसीच्या माहितीत काहीच बदल नसेल तर ग्राहकाचे स्वतःचे तसे निवेदन लागते, आणि ते नोंदवलेल्या मेलवरून चालते. दुसऱ्या मेलमध्ये त्याला वाक्य तयार करून द्यावे: ‘माझ्या केवायसी माहितीत कोणताही बदल झालेला नाही.’ ते त्याने स्वतःच्या उत्तरात लिहावे. गंमत अशी की बँकेकडची जुनी कागदपत्रे आजच्या नियमात बसत असतील आणि त्यांची मुदत संपलेली नसेल, तर या कामाला पाच फायलींतली एकही लागत नव्हती. हे ग्राहकाला एका ओळीत सांगावे. पुढच्या वेळी तो एवढे कागद पाठवणार नाही. हे निवेदन पहिल्याच मेलमध्ये का घालू नये, असे वाटेल. घातले तर प्रत्येक पर्यायाखाली एक परिच्छेद वाढतो आणि मेल पुन्हा न वाचला जाणारा होतो.

‘2’ आले तर वीजबिल जुने असल्याचे आता सांगावे, आधी नव्हे. नव्या पत्त्याचे निवेदन घ्यावे आणि दोन महिन्यांच्या आतले बिल किंवा नवा पत्ता असलेला अधिकृत ओळखीचा कागद मागावा. नव्या पत्त्याची खातरजमा बँकेला दोन महिन्यांत करायची असते, म्हणजे त्या पत्त्यावर पत्र जाईल किंवा कोणी भेटायला येईल. याची कल्पना दिली नाही तर दारात आलेला माणूस बँकेचा आहे यावर ग्राहक विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

‘3’ आले तर संमतीचा अर्ज लागेल. त्या मेलमध्ये एक वाक्य नक्की घालावे: अनुदान सध्या दुसऱ्या बँकेत येत असेल तर ते तिथे यायचे थांबून या खात्यात येईल. हे वाचून काही जण मागे फिरतात. फिरू द्यावे.

‘सगळेच’ असे उत्तर आले, किंवा आकडा सोडून पुन्हा फायलीच आल्या, तर मेलचा तिसरा फेरा करू नये. खात्याला नोंदवलेल्या मोबाइलवर फोन करावा, मेलच्या तळाशी लिहिलेल्या क्रमांकावर नव्हे. ‘कोणी आणि कशासाठी कागद मागितले होते?’ हा एक प्रश्न विचारला की गाठ सुटते. फोनवर जे ठरले ते लगेच त्याच मेलच्या धाग्यात लिहून पाठवावे: ‘आज फोनवर आपण पर्याय 2 सांगितला. तसे असल्यास याच मेलला 2 असे उत्तर द्यावे.’ फोनवरचे ‘हो’ कागदावर आल्याशिवाय खात्याला हात लावू नये.

उत्तरच आले नाही, तर शाखेचा वेगळा नियम नसल्यास तीन कामकाजी दिवसांनी एक स्मरण पुरे. त्यात पर्याय पुन्हा तसेच द्यावेत. वर स्क्रोल करून जुना मेल शोधा असे सांगू नये. त्यानंतरही शांतता असेल तर ‘काम कळले नसल्याने हा मेल बंद करत आहोत, खात्यात काहीही बदल झालेला नाही’ असे कळवून प्रकरण मिटवावे. फायली आपल्या डेस्कटॉपवर उतरवून ठेवलेल्या असतील तर त्या पुसाव्यात. हे काम कोणाच्याच यादीत नसते, म्हणून राहून जाते.

मेल नोंदवलेला नसेल तर

हे उत्तर आखूडच हवे. त्यात खाते आहे की नाही, केवायसीची तारीख, पासबुकावर दिसलेला क्रमांक, काहीच येऊ नये. पाठवणारा ग्राहकाचा मुलगा असू शकतो, एजंट असू शकतो, आणि कोणाचे तरी कागद हाती लागलेला तिऱ्हाईतही असू शकतो. पर्यायांची यादीही देऊ नये, कारण ती कागद वाचून बनवलेली असते.

> नमस्कार,
>
> आपला मेल आणि त्यासोबतच्या फायली मिळाल्या. हा मेल पत्ता आमच्याकडे पडताळता येत नसल्याने या मेलवर काम पुढे नेता येत नाही आणि कोणताही बदल केलेला नाही. खातेदाराने आपल्या खात्याला नोंदवलेल्या मेलवरून, हवे असलेले काम एका ओळीत लिहून कळवावे. मेल नोंदवलेला नसल्यास मूळ कागद घेऊन शाखेत यावे.

‘आपले खाते आमच्याकडे आहे, पण मेल वेगळा आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो. तेवढ्यानेही आपण खाते असल्याची कबुली देऊन बसतो.

मृत्यूचा दाखला आला असेल तर

इथे वरचा नमुना वापरू नये. दाखला, पासबुक आणि कोणाचे तरी आधार असे तीन कागद, मजकूर काही नाही. लिहिणाऱ्याच्या घरात काय घडले आहे ते समोर दिसत असताना ‘काम कोणते ते कळवावे’ ही विषयाची ओळ क्रूर वाटते. मेल बहुधा नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेला नसतो, त्यामुळे शिल्लक, नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लावले आहे, यातले काही सांगता येत नाही. तरी प्रश्न विचारायचा असतोच, कारण दोन पूर्ण वेगळी कामे इथे एकसारखी दिसतात. खाते संयुक्त असेल तर हयात खातेदाराला फक्त मृताचे नाव कमी करून खाते चालू ठेवायचे असेल. खाते एकट्याचे असेल तर नॉमिनीला रक्कम मिळवण्याचा दावा करायचा असेल.

पहिले वाक्य शोकाचे, साधे. ‘आपल्या घरी घडलेल्या दुःखद घटनेबद्दल आम्हाला वाईट वाटते.’ लगेच दुसरे, ‘दाखला मिळाला, तो पुन्हा पाठवू नये.’ मग दोन्ही कामांना लागणारे कागद सर्वसाधारण स्वरूपात सांगावेत, म्हणजे खात्याविषयी काही न उघडता त्याला मार्ग कळतो. दाव्याला भरलेला दावा अर्ज, दाखला आणि नॉमिनीच्या ओळखीचा पुरावा लागतो, आणि सगळे कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत बँकेने तो निकाली काढायचा असतो. शेवटी शाखेतल्या एका माणसाचे नाव आणि भेटीची वेळ द्यावी. अशा वेळी आकडा लिहून पाठवण्यापेक्षा कोणाला भेटायचे ते माहीत असणे बरे पडते.

असे मेल कमी करायचे तर

काउंटरवर किंवा फोनवर ‘मेल करून टाका’ म्हणताना विषयाची ओळ तिथल्या तिथे लिहून द्यावी. चिठ्ठीवर एवढेच: शाखेचा मेल पत्ता, आणि खाली ‘विषय: पत्ता बदल’. जो कर्मचारी कागद मागतो त्याला काम माहीत असते, आणि ते मेल उघडणाऱ्यापर्यंत पोचवण्याची हीच सर्वांत स्वस्त जागा आहे. शाखेच्या मेलला आपोआप जाणारे उत्तर लावलेले असेल तर तेही एकदा वाचून पाहावे. त्यात ‘आपला मेल मिळाला, कार्यवाही सुरू आहे’ असे असेल तर दुसरा अर्धा भाग काढून ‘काम कोणते ते लिहिले नसल्यास आत्ताच एका ओळीत कळवावे’ असे घालावे. नाहीतर क्लार्कचे नीट लिहिलेले उत्तर पोचण्याआधीच ग्राहकाला काम सुरू झाल्याचे कळलेले असते.